वटवलेली हुंडी आणि नाकारलेली सही

इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये आमची कापडाची घाऊक पेढी आहे. देवासच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला ज्या रीतीने फसवले, ती उधारीवर माल देणाऱ्या कोणाही मराठी व्यापाऱ्याच्या वाट्याला येऊ शकते, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

गणवेशाचे कापड आम्ही त्याला उधारीवर दिले आणि ३ जुलै २०२४ रोजी ५,००,००० रुपयांचे तीन महिने मुदतीचे बिल, म्हणजे मुदतीनंतर पैसे देण्याचा लेखी आदेश असलेली हुंडी, त्याच्यावर काढले. बिल काढणारे म्हणून आम्ही आदेशक आणि ज्याच्यावर काढले तो आदेशिती. मात्र आदेशिती केवळ त्याचे नाव बिलावर आहे म्हणून पैशाला बांधला जात नाही. बिलावर स्वीकृतीची सही केल्यावरच तो बिलाचा पहिला देणेदार होतो, आणि आमच्या प्रकरणात सगळा घोळ नेमका या सहीतच होता. आधीचे एक लहान बिल त्याने आमच्या समोर स्वीकारले होते व वेळेवर फेडलेही होते. या वेळी मात्र बिल त्याच्या विक्रेत्याच्या हातून गेले आणि दुकानाचा शिक्का व सही घेऊन परत आले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ते आमच्या बँकेत वटवले. मुदतीत कायद्याने सवलतीचे तीन दिवस मिळवले की ६ ऑक्टोबर येतो, पण तो रविवार असल्याने देय तारीख मागे सरकून शनिवार ५ ऑक्टोबर ठरली. बँकेने ९३ दिवसांची १२ टक्के दराने १५,२८८ रुपये कसर कापून उरलेले ४,८४,७१२ रुपये खात्यात जमा केले. बिल वटवले की जोखीम बँकेकडे गेली, असे पुष्कळजण समजतात, पण तसे नसते. आदेशितीने पैसे दिले नाहीत आणि अनादराची सूचना आदेशकाला रीतसर मिळाली, तर बँक आदेशकाकडून पूर्ण रक्कम वसूल करते. बँकेने कर्ज दिलेले असते ते आमची पत पाहून. स्वीकृतीची सही ताडून पाहायला आदेशितीची नमुना सही तिच्याकडे नव्हतीच.

देय तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या व्यापाऱ्याचा मोबाईलवर संदेश आला, ‘काका, बिल बँकेतून परत मागवून घ्या, मी तीन महिन्यांचे नवीन देतो.’ आम्ही नकार दिला. बँकेने शनिवारी बिल सादर केले, तेव्हा सही आपली नाही, असे सांगून त्याने पैसे नाकारले. बँकेने आम्हाला तत्काळ लेखी सूचना दिली, बिल नोटरीकडे पाठवले आणि ५,००,००० रुपये व नोटरीचा खर्च आमच्या खात्यात नावे टाकला.

नोटरीने जे केले त्याला नोटिंग म्हणतात. अनादराची तारीख, आदेशितीने दिलेले कारण आणि स्वतःची फी नोटरी बिलावरच किंवा त्याला जोडलेल्या कागदावर नोंदतो, आणि ही नोंद अनादरानंतर वाजवी वेळेत व्हावी लागते. त्यावरून पुढे प्रोटेस्ट, म्हणजे नोटरीचे रीतसर प्रमाणपत्र, घेता येते. देशांतर्गत बिलाला हे सक्तीचे नसले तरी ते टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘स्वीकृतीची सही आपली नाही’ हे त्याचे उत्तर तारखेसह कागदावर आले आणि आदल्या दिवशी तोच माणूस त्याच बिलाऐवजी नवीन बिल देऊ करत होता, हा विरोध आमच्या वकिलांनी सर्वांत आधी टिपला. बिल परत मागवले असते, तर अनादर झाल्याची नोंदच उरली नसती.

आणखी एक गैरसमज आम्ही बाजारात वारंवार ऐकला. चेक न वटल्यास कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो, पण ते कलम चेकपुरते आहे, हुंडीला ते लागत नाही. सही नाकारली गेल्यामुळे फक्त बिलाच्या आधारावर झटपट निकाल मिळवणेही अवघड होते. म्हणून आमचा दावा मुख्यतः विकलेल्या मालाच्या किमतीचा आहे. बीजक, वाहतुकीची बिल्टी, ई-वे बिल आणि माल उतरवून घेतल्याची पोच हे त्याचे पुरावे आहेत, आणि बिल व नोटिंग त्यांच्या सोबतीला जोडले आहेत. पोलिसांकडे फसवणुकीची वेगळी तक्रारही दिली आहे. दावा अजून चालू आहे.

आता आमच्या पेढीत बिल वटवण्याआधी स्वीकृती मालकाच्या हातून आमच्या माणसासमोर घेतली जाते, आणि मालकाऐवजी दुसरा कोणी सही करणार असेल, तर त्याला दिलेल्या अधिकाराचे पत्र मालकाच्या सहीने आधी मागवले जाते.