२बी मध्ये बिल दिसलं म्हणून जीएसटीचे पैसे दिले, आणि पुढच्याच महिन्यात क्रेडिट गेलं

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. भाऊ कारखाना बघतो, हिशोब माझ्याकडे. पुरवठादाराला बिलाची मूळ रक्कम लगेच द्यायची आणि जीएसटी मात्र बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल दर महिन्याला बनवतं त्या यादीत, दिसल्यावरच, हा आमचा नियम. बरेच जण हेच करतात. एका पुरवठादारानं नेमका त्याच नियमाचा फायदा घेतला.

मे २०२५ मध्ये त्याच्याकडून ४ टन एमएस चॅनल घेतला. ६० रुपये किलोनं २,४०,००० आणि १८ टक्के जीएसटी ४३,२००. त्यानं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, वेळेत भरला, १४ जूनला २बी तयार झालं, बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं बरोबर. त्याच आठवड्यात ४३,२०० त्याच्या खात्यावर गेले आणि क्रेडिटही आम्ही घेतलं.

जुलैत जूनचं २बी उतरवलं. खरेदी रजिस्टरमधलं एकेक बिल शोधलं, एकही सुटलं नव्हतं. तरीही ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्रात, आपोआप आलेलं क्रेडिट आमच्या टॅलीपेक्षा कमी होतं, आणि फरक होता बरोबर ४३,२००. बिलं सगळी जुळतात आणि बेरीज जुळत नाही, म्हटल्यावर एक्सेलमधलं `B2B-CDNR` नावाचं पान उघडलं. त्यात याच पुरवठादाराची २८ जूनची क्रेडिट नोट होती, करपात्र रक्कम २,४०,०००. म्हणजे त्याच्या हिशेबात सगळा माल परत गेलेला! तो चॅनल तर कापून, वेल्डिंग होऊन, रंग लागून ग्राहकाकडे पोचलासुद्धा होता.

डाव असा. मे महिन्यात त्यानं कर दाखवला, आमच्याकडून जीएसटीची रक्कम वसूल केली, आणि जूनमध्ये क्रेडिट नोट टाकून स्वतःचा कर तेवढाच कमी करून घेतला. आमचे ४३,२०० त्याच्या खिशात, आणि क्रेडिट उलटवायचं आम्ही.

जुळवणी आपण बहुतेक एकाच दिशेनं करतो. रजिस्टरमधलं बिल धरायचं आणि `VLOOKUP` लावून २बी मध्ये शोधायचं. आपल्या रजिस्टरमध्ये जी गोष्ट नाहीच, ती अशी कधी सापडणार? ही क्रेडिट नोट त्यानं आम्हाला पाठवलीच नव्हती. त्यामुळे आता उलटीही जुळवणी करतो: २बी मधली प्रत्येक ओळ रजिस्टरमध्ये आहे का, आणि क्रेडिट नोटचं पान आधी.

फोन केला तर म्हणाला, “अहो दादा, आमच्या सीएनं चुकून टाकलं असेल, बघतो.” बघणार कधी? २० तारखेला आमचा ३बी भरायचा होता. पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे आयएमएस आहे, तिथे आलेली नोट स्वीकारता किंवा नाकारता येते. काहीच केलं नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं, आणि खरी गोम इथंच आहे. आम्ही नोट नाकारली, २बी पुन्हा तयार करून घेतलं, मग ३बी भरला. नाकारलेल्या नोटेचा कर पुरवठादाराच्या पुढच्या ३बी मध्ये वाढून येतो, त्यामुळे त्याला ते कळतंच. माल परत गेला नाही याचा पुरावाही जपून ठेवला: आवक मालाची काटा पावती, बँकेचं पान, आणि ग्राहकाला पाठवलेल्या मालाची चलनं. एवढा माल खरंच परत गेला असता तर ई-वे बिल निघालं असतं, ते त्याच्याकडे नाही.

मग जुनी २बी काढली. मार्चच्या ९५,००० च्या बिलावरही त्यानं एप्रिलमध्ये अशीच नोट टाकली होती, कर १७,१००. तेव्हा जुळवणी बाहेरच्या एका अकाउंटंटकडे होती, तेही एकाच दिशेनं बघायचे. ती नोट न नाकारता एप्रिलचा ३बी भरला गेला होता, म्हणून तिथे आता आमच्या हातात फारसं नाही. त्यानंच नोट दुरुस्त करून रद्द केली, तर ते क्रेडिट परत मिळेल. त्यानं अजून केलेली नाही. शेवटच्या मालाची मूळ रक्कम दिली, जीएसटी मात्र अडवून धरला आहे, आणि लेखी कळवलं आहे की १७,१०० ची दुरुस्ती आमच्या २बी मध्ये दिसल्याशिवाय तो मिळणार नाही. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर आम्ही त्याचा जीएसटी नंबर घालून पहिलं क्रेडिट नोटचं पान बघतो.