खिडकीजवळ बसवावं की नॉइज नंतर काढावा?

कमी उजेडात काढलेल्या फोटोवर बारीक दाणे येतात, त्यालाच नॉइज म्हणतात. ते टाळायला माणसाला खिडकीच्या उजेडात बसवावं, की दाणे नंतर सॉफ्टवेअरने काढावेत? मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि दोन्हींचा उपयोग आहे. पण घरी निवांत बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा असेल, तर माझा कल खिडकीकडे आहे.

आजीचा पहिला फोटो मी दिवाणखान्याच्या मधोमध, होता त्या उजेडात काढला. शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/२.८ आणि आयएसओ गेला ६४०० वर. उजेड कमी पडला की आयएसओ चढवावा लागतो आणि तो चढला की दाणे वाढतात. संगणकावर नॉइज रिडक्शन वाढवलं, तसे दाणे गेले आणि चेहरा स्वच्छ दिसू लागला. मग फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. कपाळावर भुरभुरणारे पांढरे केस एकमेकांत मिसळून त्यांचा पट्टा झाला होता आणि इरकलीच्या काठाची वीण पुसली गेली होती. स्लायडर मागे घेतला की केस परत यायचे, पण त्यांच्याबरोबर दाणेही. मला हेच खटकलं. हल्लीची सॉफ्टवेअर खूपच चांगली झाली आहेत, पण दाण्यांत हरवलेला तपशील तीही अंदाजानेच भरतात. आजीच्या चेहऱ्यावर मला तो अंदाज नको होता.

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची खिडकीपासून तीन फुटांवर आणली आणि चेहरा किंचित उजेडाकडे वळवला. ट्यूबलाइट बंद केली, नाहीतर एका गालावर वेगळाच रंग चढतो. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ ८०० पुरला. केस सुटे सुटे दिसले.

सावलीतला गाल मात्र काळवंडला होता. दाणे सगळ्यात आधी सावलीतच दिसतात आणि तो भाग नंतर उजळायला गेलं की आणखी वर येतात. म्हणून त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली आणि त्या डोळ्याखालचा काळोख हटेपर्यंत हळूहळू जवळ सरकवली. दीड फुटावर जमलं. त्याहून जवळ नेली तर दोन्ही गाल सारखेच उजळतात आणि चेहऱ्याचा उठाव जातो.

थोड्या वेळाने ऊन थेट आत आलं आणि नाकाची सावली ओठावर कडक उमटली. तेव्हा खिडकीवर पांढरं सुती धोतर ताणून लावलं. त्यात उजेड बराच अडतो, पण उन्हाचा जोर इतका असतो की आयएसओ फारसा वाढवावा लागत नाही. ढगाळ दिवशी मात्र ते लावू नका. आकाशाचा उजेड मुळातच मऊ असतो, मग धोतराने फक्त आयएसओ चढतो.

रात्रीचा कार्यक्रम किंवा घरभर पळणारं मूल असेल, तर खिडकीचा काही उपयोग नाही. तिथे मीही सॉफ्टवेअरच वापरतो. फक्त आयएसओ वाचवायला शटर १/३० वर आणत नाही, कारण हललेली पापणी मला नंतर कधीच नीट करता आलेली नाही.