अनुक्रमणिका हाताने की स्टाइलने? प्रबंध सादर करण्याआधी काय निवडावं

मराठीतला साधारण दोनशे पानांचा प्रबंध वर्डमध्ये टाइप होऊन तयार आहे. प्रकरणांची नावं ठळक करून मोठी केली आहेत, स्पेस देत देत मध्यावर आणली आहेत, आणि नवीन प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर दाबले आहेत. अनुक्रमणिकेत पानाच्या कडेपर्यंत टिंबं देऊन पुढे पृष्ठांक लिहिले आहेत. सादर करायला महिनाभर आहे आणि मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या अजून यायच्या आहेत. बहुतेक प्रबंध या टप्प्यावर असेच असतात. आता तीन वाटा आहेत: आहे तसंच ठेवायचं, फक्त शीर्षकांना स्टाइल, म्हणजे वर्डमधला मांडणीचा तयार साचा, लावायची, किंवा सगळी फाइलच स्टाइलवर आणायची.

पहिली वाट आज काहीच वेळ मागत नाही, तो नंतर मागते. समजा सहा प्रकरणं आणि उपशीर्षकं मिळून चाळीस नोंदी आहेत. दुसऱ्या प्रकरणात दीड पानाची भर पडली, की तिसऱ्यापासून पुढचा प्रत्येक पृष्ठांक पुन्हा बघावा लागतो. एंटर मारून खाली ढकललेली प्रकरणं पानाच्या मध्येच सुरू होतात, किंवा मागे एक कोरं पान सोडतात. त्यात आपली लिपी आणखी भर घालते. मंगलमधला मजकूर कोकिळामध्ये घेतला, तर त्याच आकड्यात अक्षर लहान दिसतं आणि सगळी पानं सरकतात. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉण्ट नसेल, तर तिथेही हेच होतं. म्हणजे अनुक्रमणिका घरी तपासून बरोबर असली, तरी छापताना चुकू शकते.

तरीही हातानेच करायचं असेल, तर निदान टिंबं टाइप करू नका. अक्षरांच्या रुंदी वेगवेगळ्या असल्यामुळे आकडे एका रेषेत येत नाहीत. ए-फोर पानावर बांधणीसाठी डावीकडे ३.८ आणि उजवीकडे २.५ सेंटिमीटर समास असेल, तर ओळ १४.७ सेंटिमीटरची होते. `Tabs` च्या चौकटीत १४.७ वर उजवा टॅब लावा आणि लीडरमध्ये टिंबं निवडा. मग प्रत्येक ओळीत एकच टॅब पुरतो.

दुसरी वाट मला बहुतेकांसाठी योग्य वाटते, कारण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: आपोआप अनुक्रमणिका बनायला अख्खी फाइल स्वच्छ असावी लागत नाही. वर्ड फक्त शीर्षकांच्या स्टाइल बघतं. मजकुरात कितीही जादा एंटर असले तरी त्याचं अडत नाही. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून `Ctrl+Alt+1` दाबलं की `Heading 1` लागते, उपशीर्षकाला `Ctrl+Alt+2`. चाळीस शीर्षकांना हे एका संध्याकाळचं काम आहे. मग `References` मधून `Table of Contents` घाला, आणि दुरुस्त्या झाल्या की तिच्यावर क्लिक करून `F9` दाबा. तेव्हा दोन पर्याय येतात. नुसते पृष्ठांक बदलायचे की सगळी यादी, असा प्रश्न असेल तर सगळी यादीच निवडा, नाहीतर बदललेली शीर्षकं जुनीच राहतात. लिबरऑफिसमध्ये शीर्षकासाठी `Ctrl+1`, `Ctrl+2` आहे आणि यादीवर राइट क्लिक करून `Update Index` आहे.

मात्र शीर्षकाची ओळ स्वतः स्वच्छ हवी. तिच्यातला मजकूर जसाच्या तसा अनुक्रमणिकेत जातो. ‘प्रकरण २’ आणि नावाच्या मध्ये टॅब असेल, तर तो टॅबही जातो आणि अनेकदा असं दिसतं:

```
प्रकरण २ ................ ग्रामीण कथेची जडणघडण
                                        ४१
```

यादीत अशी ओळ दिसली, की मूळ शीर्षकात जाऊन टॅबच्या जागी एक स्पेस द्या. मध्यावर आणण्यासाठी दिलेल्या स्पेसही काढा, ते काम स्टाइलकडे द्या. यादीत रिकामी ओळ आली, तर कुठल्यातरी कोऱ्या ओळीला शीर्षकाची स्टाइल लागली आहे. अख्खा परिच्छेद यादीत आला, तर त्यालाही तीच लागली आहे. `Ctrl+Shift+8` ने लपलेल्या खुणा दाखवल्या की हे सगळं उघड दिसतं.

मराठीत आणखी एक ठेच लागते. `Heading 1` चा आकार १८ केला, तरी देवनागरी शीर्षक हलत नाही. कारण वर्ड देवनागरीला `Complex scripts` मध्ये धरतं आणि तिचा फॉण्ट, आकार, ठळकपणा वेगळा ठेवतं. स्टाइल बदलताना फॉण्टच्या चौकटीत त्या भागातच आकडा द्यावा लागतो. प्रबंध कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये असेल, तर यादीत ‘प्रकरण’ऐवजी `izdj.k` उमटतं. फाइल बिघडलेली नसते. अनुक्रमणिकेच्या ओळी `TOC 1`, `TOC 2` या वेगळ्या स्टाइलने चालतात, त्यांनाही तोच फॉण्ट द्या.

या वाटेचा खरा धोका एकच, आणि तो गप्प असतो: एखादं शीर्षक नुसतं ठळकच राहिलं, तर ते यादीत येत नाही आणि कुठलीही सूचना मिळत नाही. म्हणून जुनी हाताची यादी लगेच पुसू नका. `View` मधून `Navigation Pane` उघडा आणि ती यादी समोर ठेवून एकेक शीर्षक जुळवा.

तिसरी वाट, म्हणजे मजकुरातलेही एंटर आणि टॅब काढून परिच्छेदांमधलं अंतर स्टाइलने देणं, फाइल पुढे जगणार असेल तरच घ्या: प्रबंधाचं पुस्तक करायचं आहे, किंवा दुसऱ्या कुणाला जुळणी करायची आहे. जादा एंटर काढायला शोधा-बदला वापरतात:

```
Find:    ^p^p
Replace: ^p
```

एकही बदल होत नाही असं येईपर्यंत पुन्हा पुन्हा. पण साहित्याच्या प्रबंधात हे सरसकट चालवणं महागात पडतं, कारण उद्धृत कवितांमधल्या कडव्यांमधली मोकळी ओळही त्यात जाते आणि चार कडव्यांचं एकच कडवं होतं. आधी कवितांना स्वतःची स्टाइल द्या. कडव्यातल्या ओळी `Shift+Enter` ने तोडा, म्हणजे कडवं हा एक परिच्छेद होतो, आणि दोन कडव्यांमधलं अंतर स्टाइलमध्ये लिहा. मग बदला. मूळ फाइलची प्रत अर्थातच बाजूला ठेवून.

दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वाटांमध्ये एक बदल मात्र करायलाच हवा: `Heading 1` च्या परिच्छेद-मांडणीत `Page break before` वर खूण करा आणि प्रत्येक प्रकरणाआधीचे एंटर काढा. प्रकरणं पानाच्या मध्ये सुरू व्हायची थांबतात. `Automatically update` ची खूण मात्र काढलेली ठेवा. ती असली, तर एका शीर्षकाचा रंग बदलला की सगळ्या शीर्षकांचा बदलतो.

आठ-दहा पानांचा लेख एकदाच छापून द्यायचा असेल, तर हाताची यादी पुरे, तिथे स्टाइलचा हट्ट धरू नका. प्रबंधात दुरुस्त्या यायच्या असतील, तर आजच दुसरी वाट धरा, तिसरी पदवीनंतर. आणि दुकानात वर्डची फाइल नेऊ नका. शेवटचं `F9` झाल्यावर पीडीएफ करा. तेव्हा `Options` मध्ये शीर्षकांवरून बुकमार्क करण्याचा पर्याय असतो. तो निवडला, की परीक्षकांना पडद्यावर वाचताना बाजूच्या यादीतून थेट हव्या त्या प्रकरणावर जाता येतं.