सत्तू की ताक? एकाच घरातले दोन पेले

पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की आमच्याकडे दुपारी दोन पेले भरतात. बाबांना मधुमेह, त्यांना सत्तू. आत्याच्या मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलाय, तिला ताक.

आधी पाकीट वाचा. आपल्या सातूच्या पिठात गहूही असतो आणि ते गूळ-दुधात कालवतात. बिहारी सत्तू म्हणजे सहसा निव्वळ भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. मी तेच आणते, शक्यतो सालासकट दळलेलं, कारण तंतू सालात जास्त.

बाबांसाठी तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडते, मग पेला भरते. जिरेपूड, लिंबू, चिमूटभर मीठ, साखर-गूळ नाही. यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि चांगले तंतू मिळतात, त्यामुळे साखर हळू चढते. पण पिष्टमय पदार्थही पंधरा-अठरा ग्रॅम असतात, म्हणून त्या वेळचा नाश्ता कमी करतो. दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला की आपल्याला किती मानवतं ते कळतं.

आत्याला हेच पेय जड जाऊ शकतं. हरभऱ्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस बरंच असतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकलं नाही तर रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अनेकदा आधी काही जाणवतही नाही. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, तरी पोटॅशियमची अडचण राहतेच. अर्ध्या वाटी दह्याचं पातळ, बिनमिठाचं ताक त्या मानाने हलकं. तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसभराच्या पाण्यातच मोजायचं.

बाबांच्या लघवीत प्रथिनं दिसली किंवा रक्तात क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंड बिघडत असल्याची खूण दिसली, तर त्यांचाही सत्तू डॉक्टरांना विचारेपर्यंत थांबवेन.