जिनिंगच्या रिंगसाठी आरएसटीपी की एमआरपी?

हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगचं उदाहरण घेऊ. रेच्यांचा हॉल, प्रेस, सरकीचं गोदाम आणि ऑफिस मिळून आठ नेटवर्क स्विच, सगळे एकाच रिंगमध्ये. अशा रिंगमध्ये लूप होऊ न देता केबल तुटल्यावर दुसरी वाट उघडून देणारे दोन प्रोटोकॉल म्हणजे आरएसटीपी आणि एमआरपी. पीएलसी प्रेसजवळ, तिथून प्रोफिनेटवर दूरचे आयओ. ऐन हंगामात उंदरानं केबल कुरतडली, तरी गठाण बांधणं थांबता कामा नये.

केबल तुटण्यापुरतं पाहिलं तर आरएसटीपी वाईट नाही. एवढ्या लहान रिंगमध्ये ते बहुधा सेकंदाच्या आत सावरतं, आणि जवळजवळ प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये असतं. फक्त स्काडाचे आकडे बघायचे असतील, तर तेवढं पुरे.

खरी डोकेदुखी रूट स्विचची आहे, म्हणजे आरएसटीपीत ज्याच्यापासून बाकीच्यांच्या वाटा ठरतात त्या स्विचची. आपल्याकडे लाइन जाते, पॅनलमधला यूपीएस बसतो आणि नेमका रूटच बंद पडतो. गेलेल्या रूटची जुनी माहिती उरलेले स्विच काही वेळ एकमेकांना देत राहतात. नवा रूट ठरेपर्यंत कधी काहीच जाणवत नाही, कधी काही सेकंद जातात. वरची मर्यादाच ठाऊक नसेल, तर आयओचा वॉचडॉग, म्हणजे डेटा आला नाही तर किती वेळ वाट पाहून फॉल्ट द्यायचा ती मर्यादा, किती ठेवायची?

एमआरपीत रिंग मॅनेजर स्वतःचा एक पोर्ट अडवून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूनं चाचणी फ्रेम परत येतात का, ते पाहतो. केबल तुटली की तो पोर्ट उघडतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये हे जास्तीत जास्त 200 मिलीसेकंदांत होतं. मॅनेजरच बंद पडला, तरी उरलेले सात स्विच सरळ रेषेत जोडलेले राहतात, त्यांच्यातलं बोलणं तुटत नाही. मात्र तेव्हा राखीव वाट उरत नाही.

पण 200 मिलीसेकंद फुकट मिळत नाहीत. आयओचा डेटा दर 8 मिलीसेकंदांनी येत असेल आणि वॉचडॉग 3 फेऱ्यांचा असेल, तर 24 मिलीसेकंदांतच स्टेशन फॉल्ट येतो. रिंग सावरते, पण प्रेस थांबलेलीच असते. 64 मिलीसेकंद आणि 4 फेऱ्या ठेवल्या तर 256 मिळतात. आणीबाणीचा स्टॉप मात्र वेगळ्या वायरिंगनंच ठेवावा.

एमआरपीचा धोका मांडणीतला आहे. रिंग पोर्टांवर आरएसटीपी बंद केलं आणि मॅनेजर ठरवायचा राहिला, तर लूप होतो आणि सगळं नेटवर्क गुदमरतं. म्हणून आधी आठही स्विच सेट करावेत, मॅनेजर एकच ठेवावा आणि शेवटची केबल त्यानंतरच लावावी.

तपासताना विंडोजचा साधा पिंग कामाचा नाही. तो सेकंदाला एकच पॅकेट पाठवतो, त्यात एवढी छोटी खोट सापडत नाही. लिनक्सवर असं चालवा:

```
sudo ping -i 0.01 192.168.1.20
```

केबल काढा, गळालेली पॅकेटं मोजा, 10 नं गुणा. उत्तर मिलीसेकंदांत येईल. मग मॅनेजरची वीज बंद करून हेच पुन्हा करा. आरएसटीपी लावलं असेल तर रूटची वीज चार-पाच वेळा घालवून पाहा आणि दर वेळचा आकडा लिहून ठेवा. आयओ असलेल्या रिंगला एमआरपी बरं वाटतं, ते याच आकड्यांमुळे.