गच्चीवरून खेळण्यातलं सोलापूर: ग्रेडियंट ब्लरचा काही महिन्यांचा अनुभव

शहराचा फोटो टेबलावर मांडलेल्या मॉडेलसारखा दिसावा, ही युक्ती मी हिवाळ्यापासून वापरतोय. आमची गच्ची पूर्वभागात, चौथ्या मजल्यावर. खाली यंत्रमागांचे पत्र्याचे शेड, दोरीवर वाळणारे टॉवेल, बोळात वळण घेणाऱ्या रिक्षा, एकदोन जुनी माळवदाची घरं आणि पलीकडे बंद पडलेल्या गिरणीची उंच चिमणी. या चिमणीनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं, तिच्याकडे येतोच.

खऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्समध्ये लेन्सच तिरकी करता येते, त्यामुळे फोकसची पातळी कलते. आपण संगणकावर करतो ते त्याहून खूपच साधं. फोटोत एक आडवा पट्टा धारदार ठेवायचा आणि त्याच्या वर-खाली धूसरपणा वाढवत न्यायचा. जवळची छोटी वस्तू बघताना पुढचं-मागचं पटकन अस्पष्ट होतं, हे डोळ्याला ठाऊक असतं. म्हणून तसा धूसरपणा दिसला की तो समोरच्या गोष्टीलाच छोटी समजतो. फोटोतली जमीन सपाट आहे आणि फ्रेममध्ये जे वर ते लांब, हे इथे गृहीत धरलेलं असतं. वरून खाली घेतलेल्या फोटोत ते बऱ्यापैकी खरं ठरतं. आकाश आलं की बिघडतं, म्हणून शक्य तिथे क्षितिज मी कापून टाकतो.

सुरुवात बहुतेकांप्रमाणे फोनवरच्या ॲपने केली. बोटाने पट्टा ओढायचा, ब्लर वाढवायचा, की झालं. स्टेटसला ठेवायला ते पुरतं, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. कोपरे काळे करणारा व्हिनेट मात्र शून्यावर आणा, त्याने मॉडेलचा भास वाढत नाही. मोठ्या पडद्यावर बघायचं किंवा प्रिंट काढायची असेल तर संगणकावरच्या GIMP या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅमवर यावं लागतं. तिथे नेटवर हमखास सापडणारी पद्धत अशी: लेयरची नक्कल करा, तिला भरपूर ब्लर द्या, लेयर मास्कवर ग्रेडियंट ओढा. ही पद्धत मी सोडून दिली.

कारण असं की मास्क ब्लर कमी-जास्त करत नाही, तो ब्लर झालेल्या फोटोची पारदर्शकता कमी-जास्त करतो. ग्रेडियंटच्या मध्यावर अर्धा धूसरपणा हवा असतो. मिळतो तो निम्मा धारदार फोटो आणि त्यावर निम्मा पूर्ण धूसर फोटो. ओळखायचं असेल तर १०० टक्के झूम करून त्या भागातली केबलची वायर किंवा खिडकीचे गज बघा. धुक्याच्या वलयात मधोमध बारीक, स्वच्छ रेघ दिसली तर समजा की दोन फोटो एकमेकांवर पडलेत. फोकस गेलेली वायर जाड आणि फिकी होते, तिच्यात रेघ उरत नाही. छोट्या पडद्यावर हे कळत नाही, पण फोटो ‘स्वप्नाळू’ वाटतो आणि मॉडेलचा भास तिथेच मोडतो.

त्यावर उपाय म्हणजे ज्याची त्रिज्याच, म्हणजे धूसरपणाचा पसाराच, जागेनुसार बदलते असा ब्लर. Filters > Blur > Focus Blur मध्ये तो मिळतो. ब्लरचा प्रकार Lens Blur ठेवायचा, म्हणजे स्टीलच्या टाकीवरची चमक पसरून नुसती विरत नाही, लेन्समधून दिसावी तशी गोल चकती होते. Shape मध्ये पट्टा आडवा येईल तो पर्याय घ्यायचा. ४००० पिक्सेल रुंद फोटोला मी साधारण २० ची त्रिज्या देतो. तोच फोटो आधी १०८० पिक्सेलचा केला असेल तर पाच-सहा पुरते. धारदार पट्टा उंचीच्या सहाव्या हिश्श्याएवढा ठेवतो. तो रुंद झाला की शहर पुन्हा शहर दिसायला लागतं.

आता चिमणी. तिचा पाया आमच्या पट्ट्यात येतो आणि शेंडा फ्रेमच्या वरच्या काठाजवळ. ग्रेडियंटच्या हिशेबाने शेंडा लांब, म्हणून तो धूसर. प्रत्यक्षात पाया आणि शेंडा आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. पहिला फोटो बघून मामा म्हणाले, “चिमणी अशी वितळल्यागत का दिसायलीय रे?” त्यांना ब्लर म्हणजे काय ते माहीत नाही, पण डोळ्याला खटकलं ते बरोबर. उंच टाक्या, मोबाइलचे टॉवर, मिनार, नारळाची झाडं, जे जे उभं ते ते असंच वितळतं.

म्हणून हल्ली मी ब्लरचा नकाशा हाताने करतो. वेगळ्या लेयरवर करडा ग्रेडियंट ओढायचा: धारदार पट्ट्यात काळा, वर-खाली पांढऱ्याकडे जाणारा. मग चिमणी जिथे जमिनीला टेकते तिथला करडा रंग पिकरने उचलायचा आणि त्याच एका रंगाने चिमणी पायथ्यापासून शेंड्यापर्यंत रंगवायची. हा लेयर Variable Blur ला मास्क म्हणून दिला की अख्खी चिमणी एकसारखी धारदार राहते. नियम एवढाच: उभ्या वस्तूला तिच्या पायथ्याचा ब्लर.

इथे एक नवीनच खोड दिसते. चिमणीच्या कडेला विटकरी रंगाचं पुसट वलय उमटतं. शेजारची मागची घरं जोरात धूसर होताना चिमणीचा रंगही आपल्यात ओढून घेतात, म्हणून. चार-पाच चांगल्या फोटोंसाठीच मी पुढचा खटाटोप करतो: चिमणी कापून वेगळ्या लेयरवर ठेवायची, तिच्या जागी मागची घरं क्लोन टूलने कशीबशी भरायची, ते सगळं ब्लर करायचं आणि चिमणी पुन्हा वर बसवायची. भरलेला भाग धूसरच होणार असल्यामुळे त्यात फार कारागिरी लागत नाही. कापण्यात मात्र अर्धी संध्याकाळ जाते.

रंगांबद्दल थोडं. सॅच्युरेशन वाढवलं की मॉडेलला ऑइलपेंट दिल्यासारखं वाटतं, हे सगळेच सांगतात. त्याहून महत्त्वाचं कारण मला नंतर पटलं. लांबचं शहर हवेतल्या धुळीमुळे फिकं दिसतं आणि टेबलावरच्या मॉडेलसमोर धूळभरली हवा नसतेच. म्हणून सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट मी सगळीकडे सारखा वाढवत नाही, फ्रेमच्या वरच्या, लांबच्या भागात जास्त वाढवतो. यासाठी साधा ग्रेडियंट मास्क चालतो, कारण इथे रंगच मिसळायचेत. हे सगळं ब्लरच्या आधी करतो. एप्रिल-मेमधल्या आमच्याकडच्या पांढुरक्या उन्हात कितीही ताणलं तरी धूळच पिवळी होते. त्यापेक्षा पावसाची सर येऊन गेल्यावर घेतलेल्या फोटोला जेमतेम हात लावावा लागतो. लाल टॉवेलांवर नजर ठेवा. घड्या आणि सावल्या दिसेनाशा होऊन नुसता लाल ठिपका उरला की सॅच्युरेशन जास्त झालं, तेवढा लाल रंग खाली आणायचा.

आठवड्याला एखादा फोटो करणाऱ्याला ही पद्धत मी बिनधास्त सुचवेन. रोज चार टाकायचे असतील तर फोनचं ॲपच बरं, फक्त चिमणी आणि टाक्या नसलेली बाजू निवडा. आमच्या गच्चीवरून ती म्हणजे बोळाची बाजू: रिक्षा, हातगाडी, पत्र्याचे शेड, सगळं बुटकं.