दहा हजारी की चोवीस हजारी टँकर?

समजा, चार किलोमीटरवरच्या बोअरचा दहा हजार लिटरचा टँकर १,२०० रुपयांना पडतो, म्हणजे हजार लिटरला १२०. अठरा किलोमीटरवरून येणारा चोवीस हजारी २,६४० ला, म्हणजे ११०. मोठा स्वस्त वाटतो. पण जमिनीखालच्या टाकीत वीस हजारांचीच जागा असेल तर उरलेलं पाणी परत जातं आणि भाव १३२ होतो. शिवाय एवढं धूड गेटातून वळलं पाहिजे.

माप टाकीतच घ्या. ३ बाय २.५ मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ७५ लिटर. दहा हजारीने पातळी १३३ सेंटिमीटर चढायला हवी. १२० च चढली तर नऊ हजारच आले. भरताना टाकीतलं पाणी वर चढवणारा पंप मात्र बंद ठेवा, नाहीतर माप चुकेल.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते फ्लश-धुण्यालाच बरं.